जुन्या कॅसेटमधलं लग्न आजच्या रुंद स्क्रीनवर: व्हिडिओ न ताणता आणि काळ्या पट्ट्या न ठेवता कसं बसवायचं?

आईबाबांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे. कपाटातली व्हीएचएस कॅसेट दुकानातून डिजिटल करून आणली आहे. आता त्यातली काही मिनिटं आणि मोबाइलवर घेतलेले नातेवाइकांचे बाइट्स जोडून एक व्हिडिओ करायचा आहे. मोबाइलचं चित्रीकरण आडवं, म्हणजे १६:९. कॅसेटमधलं जवळपास चौकोनी, ४:३. दोन्ही एकाच टाइमलाइनवर टाकले की लग्नाच्या डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे येतात. ते नको म्हणून कुणीतरी चित्र दोन्ही बाजूंनी ओढतं आणि सडपातळ नवरदेव एकदम गुटगुटीत दिसायला लागतो.

ओढल्यावर चित्र किती बिघडतं? पूर्ण एचडी फ्रेम १९२० × १०८० पिक्सेलची असते. १०८० उंचीचं ४:३ चित्र रुंदीला १४४० भरतं. ते १९२० पर्यंत नेलं की प्रत्येक चेहरा एक तृतीयांश जास्त रुंद होतो. हे डोळ्यांना लगेच खटकतं, पण दहा वेळा पाहिलं की सवय होते आणि एडिट करणाऱ्यालाच ते दिसेनासं होतं. म्हणून चेहऱ्यावर विसंबू नये. फ्रेममध्ये एखादी गोल वस्तू शोधावी: हॉलमधलं घड्याळ, औक्षणाचं ताट, जेवणाच्या पंगतीतली वाटी. कॅमेऱ्याला सरळ समोर असलेलं घड्याळ लंबगोल दिसत असेल, तर चित्राचा आकार चुकला आहे.

आधी आकार दुरुस्त, मग बाकी सगळं

पट्ट्यांचा विचार करण्याआधी फाइलचा मूळ आकार तपासावा लागतो, कारण इथे एक जुनी गोम आहे. भारतात टीव्ही आणि व्हीएचएससाठी पाल पद्धत वापरात होती. त्या पद्धतीची डिजिटल फाइल सहसा ७२० × ५७६ पिक्सेलची असते. भागाकार करून पाहिला तर हे प्रमाण ४:३ नाही, ५:४ आहे. याचं कारण असं की या फाइलमधला पिक्सेलच चौरस नसतो, तो किंचित रुंद धरलेला असतो. एडिटिंग सॉफ्टवेअरने पिक्सेल चौरस समजला, तर सगळी माणसं थोडी बारीक आणि उंच दिसतात. हा दोष ताणलेल्या चित्राइतका ठळक नसल्यामुळे तो बऱ्याचदा तसाच राहून जातो.

अडोबी प्रीमिअरमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून Modify आणि मग Interpret Footage उघडलं, की Pixel Aspect Ratio चा पर्याय मिळतो. तिथे D1/DV PAL (1.0940) निवडायचं. इतर सॉफ्टवेअरमध्येही क्लिपच्या गुणधर्मांत असा पर्याय शोधता येतो. घड्याळ गोल दिसलं की हे काम झालं.

दुकानदाराने कुठल्या आकाराची फाइल दिली आहे, तेही बघून घ्यावं. काही ठिकाणी ४:३ चित्र आधीच ताणून १९२० × १०८० ची एमपी४ दिलेली असते. तसं असेल तर फक्त आडवी रुंदी ७५ टक्के करायची, चित्र पुन्हा १४४० वर येतं. फाइलमध्येच काळे पट्टे भाजलेले असतील तर दोन्ही बाजूंनी २४०-२४० पिक्सेल कापून टाकायचे.

कापून फ्रेम भरली तर?

पट्टे घालवण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे चित्र मोठं करून पूर्ण रुंदी भरणं. आकार बिघडत नाही, पट्टेही जातात. पण रुंदी १९२० केली की उंची १४४० होते, आणि स्क्रीनवर जागा १०८० चीच आहे. म्हणजे वरचे १८० आणि खालचे १८०, एकूण पाव चित्र गेलं.

हे पाव चित्र किती महत्त्वाचं असू शकतं, याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नव्वदच्या दशकातली विनोदी मालिका ‘साइनफेल्ड’ २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर रुंद आकारात आली. तिच्या ‘द पॉटहोल’ नावाच्या भागात जॉर्ज रस्त्यावरच्या ज्या खड्ड्याकडे बघतो, तो खड्डाच फ्रेमबाहेर गेला होता! प्रेक्षकांनी सोशल मीडियावर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. ती मालिका निदान फिल्मवर चित्रित झालेली होती. घरच्या कॅसेटमध्ये जे रेकॉर्ड झालं तेवढंच आहे, त्याच्या बाहेर काहीच नाही.

लग्नाच्या कॅसेटमध्ये हा फटका ठरावीक ठिकाणी बसतो. मंगलाष्टकांच्या वेळी नवरा-नवरी उभे असतात, तेव्हा वरून कापलं की मुंडावळ्या जातात. ग्रुप फोटोच्या शॉटमध्ये मागच्या रांगेतल्या उंच काकांचं कपाळ जातं आणि खाली सतरंजीवर बसलेली मुलं जातात. समोरच्या खुर्चीत बसलेल्या आजीचे मांडीवरचे हात जातात. ही आजी हलत्या-बोलत्या रूपात फक्त याच कॅसेटमध्ये असेल, तर तो शॉट कापायचा नाही, एवढं ठरवून टाकावं. शिवाय कापून भरताना ५७६ ओळींचं चित्र अडीच पट मोठं होतं. आधीच धूसर असलेली व्हीएचएस त्यात आणखी धूसर दिसते. नुसतं उंचीला बसवलं तर वाढ दुपटीपेक्षा कमी राहते.

याचा अर्थ कापणं वर्ज्य आहे असा नाही. हात, मेंदी, ताशा वाजवणारा माणूस, मांडवाचं तोरण असे शॉट पूर्ण फ्रेममध्ये छान बसतात. निर्णय शॉटनुसार घ्यावा, आणि कापताना चित्र वर-खाली सरकवून कुठला भाग ठेवायचा ते पाहावं. सॉफ्टवेअर आपोआप मधला भाग ठेवतं, पण माणसांची डोकी बहुतेक वेळा वरच्या भागात असतात.

मधला मार्गही आहे. ब्रिटनमध्ये टीव्ही रुंद होत होता, त्या काळात बीबीसीने १४:९ हा तडजोडीचा आकार वापरला होता. आपल्या फ्रेममध्ये याचा हिशेब असा: चित्र १६८० रुंद करायचं, वर-खाली फक्त ९०-९० पिक्सेल कापायचे, आणि बाजूला २४० ऐवजी १२० ची जागा उरते.

उरलेली जागा कशाने भरायची?

आता आजीचा शॉट घेऊ. चित्र न कापता ठेवायचं आहे. आधी कडा स्वच्छ कराव्यात. व्हीएचएसच्या अगदी तळाला फाटल्यासारख्या, थरथरणाऱ्या काही ओळी असतात. प्लेअरचं हेड बदलताना त्या उमटतात. जुन्या टीव्हीच्या काचेच्या कडेमागे त्या लपायच्या, म्हणून तेव्हा कुणाला दिसल्या नाहीत. डाव्या-उजव्या कडेलाही बारीक काळी रेघ असते. समजा खालून १० ओळी आणि दोन्ही बाजूंनी ८-८ पिक्सेल कापले. मग १०८० ची उंची भरण्यासाठी चित्र सुमारे १९१ टक्के मोठं करायचं आणि १० पिक्सेल खाली सरकवायचं. रुंदी साधारण १४७० होते, म्हणजे बाजूला २२५-२२५ उरतात. हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील तर सगळ्यात आधी डीइंटरलेस करून घ्यावं, नाहीतर मोठं करताना त्या रेघाही मोठ्या होतात.

मग हीच स्वच्छ केलेली क्लिप कॉपी करून खालच्या ट्रॅकवर ठेवायची. खालची प्रत पूर्ण रुंदी भरेल एवढी मोठी करायची आणि तिच्यावर Gaussian Blur लावायचा. ब्लर किती? बाजूला चेहरा आहे की फुलदाणी, हे ओळखू येणार नाही इतका. इथे बरेच जण कमी ब्लर ठेवून फसतात. मग मधल्या आजीच्या शेजारी दुसरी अर्धवट आजी तरंगताना दिसते. प्रीमिअरमध्ये Repeat Edge Pixels वर टिक केलं नाही, तर बाहेरच्या कडा काळवंडतात आणि ज्यासाठी एवढं केलं ते काळे पट्टेच वेगळ्या रूपात परत येतात.

ब्लरनंतर ही प्रत गडद करायची आणि तिचे रंग निम्म्याच्या आसपास उतरवायचे. व्हीएचएसचे लाल आणि केशरी रंग आधीच वाहत असतात. ब्लर केल्यावर शालूचा लाल रंग बाजूला भडक ढगासारखा पसरतो आणि नजर तिकडेच जाते. आवाज एकाच प्रतीचा ठेवायचा, दुसरी म्यूट. हे विसरलं तर सनई दुप्पट मोठी ऐकू येते!

ही युक्ती सगळ्या शॉटना चालत नाही. फोटोग्राफरचे फ्लॅश सतत पडत असतील किंवा व्हिडिओवाला कॅमेरा इकडून तिकडे फिरवत असेल, तर ब्लर केलेल्या बाजूही चमकतात आणि वाहतात. अशा वेळी खालच्या प्रतीतली एकच फ्रेम गोठवून ठेवली तरी पुरतं. त्याहून देखणा उपाय घरातच असतो: लग्नपत्रिका. ती स्कॅन करून, तिच्या कोऱ्या कागदाचा भाग मोठा करून, थोडा गडद करून मागे लावावा. कलश, गणपती, अक्षरं असलेला भाग घेऊ नये, लोक ते वाचत बसतात. संपूर्ण व्हिडिओत हीच एक पार्श्वभूमी ठेवली, तर दर शॉटला बाजूचा रंग बदलत नाही आणि जुना भाग एका अल्बमसारखा दिसतो.

लांबून कडा कशी दिसते तेही पाहावं. मधलं चित्र आणि पार्श्वभूमी यांच्यामध्ये कापल्यासारखी रेघ दिसत असेल, तर चित्राला मागे हलकी सावली द्यावी. चमकती सोनेरी फ्रेम मोहात पाडते, पण ती पत्रिकेवर शोभते, आजीभोवती नाही.

व्हिडिओत फक्त कॅसेटच असेल, मोबाइलचं काहीच नसेल, तर यातलं काही करू नये. १४४० × १०८० ची टाइमलाइन करून तसाच व्हिडिओ यूट्यूबवर टाकावा. प्लेअर स्क्रीनप्रमाणे जागा स्वतः सोडतो.

आणि रील करायचं असेल तर ही रुंद फाइल तिथे वापरू नये. उभ्या १०८० × १९२० फ्रेममध्ये ती १०८० × ६०८ वर येते, आणि तिच्या आतलं लग्न जेमतेम ८०० पिक्सेलचं उरतं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सगळीकडे ब्लर आणि मध्ये तिकिटाएवढे नवरा-नवरी. रीलसाठी मूळ कॅसेटची फाइल पुन्हा घ्यावी. तीच पूर्ण रुंदीला लावली तर चित्र १०८० × ८१० भरतं, आणि वर-खाली उरलेल्या जागेत नाव आणि तारीख लिहिता येते.