सर्वेक्षणासाठी लोकसंख्येच्या 10 टक्के लोक घ्यावेच लागतात का?

दावा: सर्वेक्षण विश्वासार्ह हवे, तर एकूण लोकसंख्येच्या किमान 10 टक्के नमुना हवा.

तथ्य: असा कोणताही सरसकट नियम नाही. महत्त्वाची असते ती नमुन्यातील माणसांची संख्या, टक्केवारी नव्हे.

10 टक्क्यांनी काय होते?

2011 च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 30 लाख आणि सांगलीची 28 लाख. "तुमच्याकडे रोज पाणी येते का?" एवढे विचारायचे ठरवले, तरी 10 टक्क्यांच्या हिशेबाने साताऱ्यात 3 लाख लोक गाठावे लागतील. उलट 100 माणसांच्या वाडीत फक्त 10 जणांना विचारून काम संपेल. पहिला आकडा गरजेपेक्षा कैकपट मोठा, तर दुसरा इतका तोकडा की उत्तर सुमारे 30 टक्क्यांनी चुकू शकते.

मग किती जण पुरतात?

उत्तर 5 टक्के कमी-जास्त चालेल आणि 100 पैकी 95 वेळा ते या मर्यादेत बसावे, असे ठरवू. त्यासाठी लागणारा नमुना असा:

- 100 लोकांची वाडी: 80
- 2,000 लोकांचे गाव: 323
- सातारा जिल्हा: 385
- सांगली जिल्हा: 385
- 11 कोटींचा महाराष्ट्र: 385

म्हणजे लोकसंख्या वाढली की नमुना आधी वाढतो, मग थांबतो. शितावरून भाताची परीक्षा होते, तशीच ही गोष्ट आहे. पातेले मोठे झाले म्हणून जास्त शिते तपासावी लागत नाहीत, पण भात नीट ढवळलेला हवा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 707 जिल्ह्यांतून 6,36,699 कुटुंबे घेतली होती. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी 900. ही देशातील कुटुंबांच्या 1 टक्क्याहूनही कमी आहेत.

385 कधी पुरत नाहीत?

हा आकडा लोक चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले असतील, तरच लागू होतो. फक्त कराडच्या बाजारपेठेत 385 जणांना विचारले, तर माण-खटावच्या दुष्काळी गावांची पाणीटंचाई आकड्यात येणारच नाही. तिथे 3 लाख लोकांना विचारूनही चूक तशीच राहते.

प्रत्येक तालुक्याचे वेगळे उत्तर हवे असेल, तर प्रत्येक तालुक्यात सुमारे 385 लागतात. साताऱ्याच्या 11 तालुक्यांसाठी ते 4,235 आणि सांगलीच्या 10 तालुक्यांसाठी 3,850 होतात. जिल्ह्याच्या एकाच 385 च्या नमुन्यातून आटपाडी किंवा जतचा निष्कर्ष कोणी काढला, तर तो आकडा कच्चा समजावा.

निष्कर्ष

"30 लाखांत फक्त 400 जणांना विचारले" एवढ्यावरून सर्वेक्षण खोटे ठरत नाही. लोक कसे निवडले आणि उत्तर किती टक्के कमी-जास्त असू शकते, हे आधी पाहा.