बोदास : नवसाचं लग्न

स्पॅनिशमध्ये लग्नाला 50 वर्षं झालेल्या जोडप्याला ‘फेलिसेस बोदास दे ओरो’ म्हणतात. ओरो म्हणजे सोनं. साठीला त्याजागी ‘दियामान्ते’, हिरा. ‘बोदा’ म्हणजे लग्न. तो शब्द लॅटिन ‘वोता’वरून आला. ‘वोतुम’ म्हणजे नवस, शपथ. ‘वोता’ हे त्याचं अनेकवचन. म्हणजे शब्दातच वचनं आहेत, म्हणून शुभेच्छेत ‘अमोर एतेर्नो’, चिरंतन प्रेम, वेगळं घालायला नको. त्यापेक्षा खिडकी उघडी की बंद यावरून भांडणाऱ्या आजीआजोबांना लिहावं : ‘के सिगाइस दिस्कुतिएन्दो पोर ला वेन्ताना’, खिडकीवरून असेच भांडत राहा! मात्र ‘सिगाइस’ हे स्पेनमधलं घरगुती रूप. मेक्सिकोत ‘सिगान’च लिहावं, नाहीतर शुभेच्छा परकी वाटते.