उभे चित्र, आडवी साठवण

मोबाइल फोन उभा धरून घेतलेले चलच्चित्र पडद्यावर उभे दिसते. फाइलमध्ये मात्र ते बहुधा आडवेच साठवलेले असते. सोबत 'दाखवताना पाव फेरा फिरवा' अशी एक खूण असते. चित्राचा हवा तेवढाच भाग कापून घेताना, म्हणजे क्रॉप करताना, भलताच तुकडा हाती येतो तो या खुणेमुळे.

ही खूण मोबाइल फोनमधील कॅमेऱ्यांहून जुनी आहे. ॲपल कंपनीने १९९१ साली 'क्विकटाइम' ही प्रणाली आणली. तिच्या फाइलमध्ये प्रत्येक चित्रमालिकेच्या शीर्षनोंदीत नऊ संख्यांची एक सारणी ठेवण्याची सोय होती. चित्र पडद्यावर कुठे, किती मोठे आणि किती फिरवून दाखवायचे, हे ती सारणी सांगते. १९९८ साली एमपेग-४च्या फाइलरचनेसाठी क्विकटाइमची रचना आधार म्हणून निवडली गेली आणि सारणीही वारशाने एमपी-४ फाइलमध्ये आली.

मोबाइल फोनला ती फार सोयीची पडली. कॅमेऱ्याचा संवेदक फोनमध्ये पक्का बसवलेला असतो आणि आपल्या ओळी ठरलेल्या क्रमानेच वाचतो. १९२० × १०८० बिंदूंची ३० चित्रे दर सेकंदाला फिरवायची, तर सुमारे ६ कोटी २२ लाख बिंदूंची जागा दर सेकंदाला बदलावी लागेल. त्याऐवजी नऊ संख्या, म्हणजे अवघे ३६ बाइट, लिहून काम भागते. फिरवण्याचे काम मग दाखवणाऱ्याकडे जाते.

अडचण येते ती दाखवणारा आणि कापणारा हे दोन वेगळे प्रोग्राम असतात तेव्हा. एक उदाहरण घेऊ. प्रयोगशाळेत उभ्या फोनने घेतलेले चलच्चित्र पडद्यावर १०८० रुंद आणि १९२० उंच दिसते. रंग बदलणारा चंबू खाली डावीकडे आहे. त्याच्याभोवतीची चौकट ६०० रुंद, ८०० उंच; तिचा वरचा डावा कोपरा डाव्या कडेपासून १०० आणि वरच्या कडेपासून ९०० बिंदूंवर आहे. कापणारा प्रोग्राम खूण न पाहता साठवलेल्या आडव्या चित्रावरच हे आकडे लावतो. त्या चित्राची उंची १०८० आहे; ९०० पासून खाली ८०० बिंदू तिथे मावतच नाहीत. ffmpeg या प्रचलित प्रोग्रामचा क्रॉप अशा वेळी तक्रार करत नाही. चौकट मावेल इतकी, म्हणजे २८० पर्यंत, गुपचूप वर सरकवतो. परिणामी उभ्या चित्राच्या वरच्या भागातला एक आडवा तुकडा मिळतो. त्यात चंबू अजिबात नसतो.

योग्य आकडे काढण्यासाठी १९.२ × १०.८ सेंटिमीटरचा कागद आडवा ठेवा. १ सेंटिमीटर म्हणजे १०० बिंदू. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा फिरवा. आडव्या कागदाचा खालचा डावा कोपरा आता वर डावीकडे आलेला दिसेल. म्हणजे उभ्या चित्रात वरून मोजलेले अंतर हे आडव्या चित्रात डावीकडून मोजलेले अंतर झाले, आणि डावीकडून मोजलेले अंतर खालून मोजलेले झाले. म्हणून चौकट ८०० रुंद व ६०० उंच होते. ती डावीकडून ९०० आणि वरून १०८० − १०० − ६०० = ३८० बिंदूंवर ठेवावी लागते.

दुसरा मार्ग म्हणजे आधी चित्र फिरवणे आणि मग कापणे. २०१५ सालच्या २.७ या आवृत्तीपासून ffmpeg खूण वाचून हे आपणहून करतो. त्यामुळे उभ्या चित्राचे आकडे तसेच देता येतात. त्यांचा क्रम रुंदी, उंची, डावीकडून अंतर, वरून अंतर असा:

```
ffmpeg -i v.mp4 -vf crop=600:800:100:900 out.mp4
```

या सुधारणेने एक नवा घोटाळाही झाला. पूर्वीच्या आज्ञांमध्ये लोक फिरवण्याची सूचना हाताने लिहीत. त्याच आज्ञा नव्या आवृत्तीत वापरल्यावर चित्र दोनदा फिरू लागले. शिवाय जुन्या आवृत्त्या ही खूण `rotate : 90` अशी दाखवत, तर नव्या `rotation of -90.00 degrees` अशी दाखवतात. अर्थ एकच आहे. पहिला कोन काट्यांच्या दिशेने मोजलेला, दुसरा उलट दिशेने.

चूक ओळखायची तर चित्राच्या मध्यावरचा चौरस कापून पाहू नये. आडव्या आणि उभ्या दोन्ही चित्रांत तो त्याच जागी येतो, त्यामुळे चुकीचा हिशेबही बरोबर वाटतो. त्याऐवजी ० आणि ० हे आकडे देऊन कोपऱ्यातला लहान तुकडा कापावा. तो पडद्यावरच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला असेल, तर आकडे उभ्या चित्रावर लागले. वरच्या उजव्या कोपऱ्यातला निघाला, तर प्रोग्राम अजून आडव्या साठवणीवरच मोजतो आहे.