दूरस्थ बालमूल्यमापन (पांढुर्णा-सौंसर)

मुलाची बौद्धिक क्षमता आणि वर्तन मानसशास्त्रज्ञाने व्हिडिओ कॉलवरून तपासणे. मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर हे तालुके 2023 पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. आता त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा आहे. इथल्या पालकांना तज्ज्ञासाठी नागपूर जवळ पडते. भारतात रूढ असलेल्या दोन चाचण्यांची भारतीय रूपेही ए. जे. मालिन यांनी नागपुरातच घडवली: वेक्सलरच्या बालबुद्धिमापनावरून केलेली 'मिसिक' (1969) आणि व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापिका. पडद्यावर मात्र या दोघींची गत सारखी होत नाही.

व्हाइनलँडमध्ये मूल काय करते, हे आईवडिलांना विचारायचे असते. स्वतः जेवते का, बटणे लावते का, दुकानातून वस्तू आणते का? ही मुलाखत फोनवरही चालते. समजा, सौंसरचा मुलगा 8 वर्षांचा, म्हणजे 96 महिन्यांचा आहे आणि उत्तरांवरून त्याचे सामाजिक वय 72 महिने निघाले. 72 भागिले 96 गुणिले 100, म्हणजे सामाजिक गुणांक 75. आई कौतुकाने वाढवून सांगण्याचा धोका समोरासमोरही असतोच. म्हणून 'करतो का?' असे न विचारता 'काल कसे केले?' असे विचारावे.

त्याच मुलाला मिसिक द्यायची झाली, तर निम्मी चाचणी कोसळते. ठोकळ्यांची रचना, तुकडे जुळवणे, संकेतलेखन आणि भूलभुलैया यांना साहित्य, कागद-पेन्सिल आणि घड्याळ लागते. ठोकळे मोबाइलवर दाखवून 'कसे लावशील?' असे विचारले की ती वेगळीच चाचणी होते आणि तिला मानके नाहीत. सेगँ फॉर्मबोर्डचेही तेच. शब्दार्थ, साम्य, सामान्यज्ञान हे तोंडी भाग बरेच टिकतात. मात्र घरी मराठी आणि शाळेत हिंदी असलेल्या मुलाशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे आधी ठरवावे लागते.

सर्वांत फसवी ठरते अंकस्मृती. सेकंदाला एक या गतीने अंक म्हणायचे असतात. नेटवर्क अडखळून मधला अंक गळला, तर मूल एक अंक कमी म्हणते आणि परीक्षक ते विस्मरण समजतो. ओळ पुन्हा म्हणावी, तर मुलाला दुसरी संधी मिळते आणि मोजमाप बिघडते. अशी ओळ बाद झाल्याची नोंद अहवालात हवी. कॅमेऱ्याबाहेरून आजी हळूच उत्तर सांगते का, हेही पाहावे. मूल उत्तरापूर्वी एकाच बाजूला वळत असेल, तर शंका घ्यावी.

वर्तननिरीक्षणात स्वमग्नतेचे मापन सर्वांत कच्चे. पडद्याकडे पाहणारे मूल कॅमेऱ्याकडे पाहत नसते, त्यामुळे नजरभेटीला गुण देता येत नाहीत.

म्हणून दूरस्थ अहवालात केवळ शाब्दिक गुणांक आणि सामाजिक गुणांक लिहावेत. शाब्दिक व कृती या दोन्ही गुणांकांची सरासरी असणारा एकूण बुद्ध्यंक समोरासमोर तपासणी होईपर्यंत कोरा ठेवावा.