‘प्रसार’ या शब्दाची गोष्ट: कलम २५ आणि आपली गावकी

धर्मस्वातंत्र्याचा विषय निघाला की आपल्या चळवळीतले तरुण दोन टोकांना जातात. काहींना वाटते, कलम २५ आहे म्हणजे धर्माच्या नावाने काहीही करता येते. काहींना वाटते, धर्मांतराबद्दल बोलणे हाच आता गुन्हा झाला आहे. आम्ही कर्जत-खालापूर भागात अकरावी-बारावीच्या मुलामुलींसोबत संविधान वाचतो, तिथेही हेच दोन समज भेटतात. दोन्ही चुकीचे आहेत. ते दूर करायचे तर एका शब्दाचा इतिहास पाहावा लागतो.

१९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन मांडले. त्यातल्या मसुद्यात धर्म मानणे आणि धर्माचा उपदेश करणे यांच्या जोडीला धर्मांतराचा हक्कही थेट नाव घेऊन लिहिला होता. मर्यादा दोनच होत्या, सार्वजनिक सुव्यवस्था आणि नीतिमत्ता. येवल्याची घोषणा करून बसलेल्या माणसाने हा शब्द उगाच घातला नव्हता. पण संविधानात तो आला नाही. आज कलम २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे, आणि धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे.

‘प्रसार’ हा शब्दसुद्धा सहज टिकला नाही. ६ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यावर चर्चा झाली. लोकनाथ मिश्र यांना तो नको होता. त्याच्या बाजूने कन्हैयालाल मुन्शी उभे राहिले, टी. टी. कृष्णम्माचारी उभे राहिले. हे कोणी ख्रिस्ती पुढारी नव्हते, हे लक्षात घ्या. मुन्शींचे म्हणणे साधे होते: भाषणस्वातंत्र्य दिल्यावर माणूस दुसऱ्याला आपला धर्म पटवून देणारच, ते कसे रोखणार? सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध वेगळे कलम घालण्याचा प्रस्ताव त्याआधीच, १९४७ मध्ये, मागे पडला होता. सक्ती चुकीची हे उघडच आहे, त्यासाठी मूलभूत हक्कांत कलम कशाला, असे सल्लागार समितीचे मत पडले.

पुढे मध्य प्रदेश आणि ओडिशाच्या धर्मांतरविषयक कायद्यांना आव्हान मिळाले. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितले की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, आणि बळ, फसवणूक किंवा आमिष यांतून होणारे धर्मांतर राज्य रोखू शकते. मुंबईचे घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवाई यांनी हा निकाल चुकीचा ठरवला. आम्हालाही तो अपुरा वाटतो, कारण बोलणाऱ्याचा हक्क मोजताना ऐकून निर्णय घेणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी बाजूला राहते. पण आवडो न आवडो, निकाल कायम आहे आणि तो नीट वाचला पाहिजे. स्वतःचा धर्म स्वतः बदलण्याचा हक्क त्याने काढून घेतलेला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जमलेल्या लाखो लोकांना कोणी ओढून आणले नव्हते. ते आपल्या पायांनी आले आणि आपल्या तोंडाने प्रतिज्ञा बोलले. मात्र अशा निर्णयावरही सरकारी परवानगीची अट बसू शकते. गुजरात सरकारने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून सांगितले की हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जाणाऱ्यालाही जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. कुणासमोर आणि का मान्य करायचे, हा प्रश्न म्हणून आपल्या दारात आहे.

आता मर्यादांकडे येऊ. कलम २५ ची सुरुवातच मर्यादेने होते: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य, आणि मूलभूत हक्कांच्या भागातल्या इतर तरतुदी. मुले पहिल्या तीन पाठ करतात आणि चौथी विसरतात. आपल्यासाठी तर चौथीच मोठी आहे. त्या इतर तरतुदींत अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ येते. म्हणून ‘ही आमची धार्मिक रूढी’ असे म्हणून कुणाला देवळाच्या पायरीवर अडवता येत नाही.

वर्गात आम्ही काही काल्पनिक प्रसंग ठेवतो. पहिला सोपा आहे. अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात रोज देवाची प्रार्थना होते आणि एक मुलगी तिथे जायला नकार देते. कलम २८ नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत तिला उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. ती अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला, तेव्हा २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

दुसरा प्रसंग खालापूरच्या एका आदिवासी वाडीतला. बाहेरून आलेला प्रचारक आजारी बाईसाठी प्रार्थना करतो. प्रार्थना हे आचरण आहे, करू द्या. ‘दवाखान्यात नेऊ नका, गोळ्या बंद करा’ असे तो म्हणाला की आरोग्याची मर्यादा सुरू होते, आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचार घेण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणाऱ्यावर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागू होतो. हाच नियम भगताला, बुवाला आणि आपल्याही माणसाला.

तिसऱ्या प्रसंगावर मुले सर्वांत जास्त भांडतात. कर्जतजवळच्या गावातले एक बौद्ध कुटुंब गावदेवीच्या जत्रेची वर्गणी नाकारते. गावकी बसते आणि ठराव होतो: यांना दुकानातून माल द्यायचा नाही, गिरणीवर दळण घ्यायचे नाही, कोणी बोलायचे नाही. गावकी म्हणते, जत्रा हे आमचे धार्मिक आचरण आहे. जत्रा आहेच, पण वर्गणीची सक्ती आणि दळण बंद करणे हे आचरण नव्हे.

कार्यकर्ते इथे एक चूक करतात. बहिष्कार म्हटला की ते लगेच सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याचे नाव घेतात. रायगडातल्या गावक्यांच्या बहिष्कारांची प्रकरणे गाजली, राज्याने २०१६ मध्ये कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू झाला. म्हणून आपल्या जिल्ह्यात तो सर्वांच्या तोंडी आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याची व्याख्या आपल्याच समाजातल्या सदस्यावर घातलेल्या बहिष्काराची आहे. आगरी किंवा कुणबी गावकीने आपल्याच जातीतल्या घराला वाळीत टाकले तर तो नेमका बसतो. सवर्ण गावकीने बौद्धवाडीतल्या घरावर बहिष्कार घातला तर त्याच कायद्यावर विसंबलात की आरोपीचा वकील ‘हे आमच्या समाजाचेच नाहीत’ एवढे म्हणून निसटायला बघेल. तिथे अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(झेडसी) लावायला सांगायचे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीवर किंवा कुटुंबावर सामाजिक अथवा आर्थिक बहिष्कार घालणे, नुसती धमकी देणेसुद्धा, त्यात गुन्हा आहे. बौद्ध झालो म्हणून हे संरक्षण जात नाही; १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या आदेशात घेतले आहे. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, तेव्हा बीट हवालदाराने जबाब घेऊन मिटवामिटवी सुरू केली तर लेखी हरकत घ्या. ठराव कागदावर क्वचितच असतो. म्हणून कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानदाराने, कोणासमोर, कोणत्या शब्दांत नकार दिला, हे त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवावे.

मुलांनी मग उलटा प्रश्न विचारला. गावातले एखादे आगरी कुटुंब धम्मदीक्षा घेते आणि त्याची जुनी गावकी त्याला वाळीत टाकते. ते अनुसूचित जातीचे नाही, म्हणजे अॅट्रॉसिटी लागू नाही. आणि धर्म बदलल्यावर ते ‘त्याच समाजाचे’ उरले का? आमचे मत असे की त्या कायद्यात समाज म्हणजे जातही धरली आहे, जन्माने आलेले नाते दीक्षेने पुसले जात नाही, म्हणून २०१६ चा कायदा लावायलाच हवा. गावकी मात्र बरोबर उलटे बोलेल. वर्गातल्या दोन मुलींनी गावकीची बाजू आमच्यापेक्षा जोरात मांडली, आणि पुढच्या रविवारी त्याच दोघी कायद्याची व्याख्या मुळातून वाचून दाखवणार आहेत.