गुरुजींच्या निरोपाला सगळ्यांचा आवाज: व्हॉइस मेसेज जोडून एकच शुभेच्छापत्र कसं तयार करायचं?

जिल्हा परिषदेच्या शाळांत दरवर्षी 31 मे ला बरेच शिक्षक निवृत्त होतात. पूर्वी शाळेत नाव घालताना अनेकांची जन्मतारीख 1 जून लावली जायची. वय 58 पूर्ण झालं की निवृत्ती, आणि जन्म महिन्याच्या 1 तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, असा नियम आहे. म्हणून ही तारीख नेमकी उन्हाळी सुट्टीत येते. सहकारी आपापल्या गावी गेलेले असतात. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमाला निम्मेसुद्धा जमत नाहीत. अशा वेळी सगळ्यांचे व्हॉइस मेसेज जोडून एकच फाईल करता येते आणि तिचा क्यूआर कोड शुभेच्छापत्रावर छापता येतो. काम अवघड नाही, पण काही ठिकाणी हमखास फसतं.

आवाज गोळा करताना

गोळा करणारा माणूस एकच असावा. मेसेज त्याच्या वैयक्तिक नंबरवर मागवावेत. केंद्राच्या ग्रुपवर मागवले तर निवृत्त होणारे गुरुजीही त्याच ग्रुपवर असतात आणि सगळं आधीच कळून जातं.

नुसतं "शुभेच्छा पाठवा" म्हटलं की सगळे सारखंच बोलतात. "पुढील आयुष्य सुखाचे जावो" हे 24 वेळा कोण ऐकणार? त्यापेक्षा असा निरोप पाठवावा: "आधी तुमचं नाव आणि शाळा सांगा. मग सरांबरोबरचा एकच प्रसंग सांगा. 30 सेकंदांत संपवा. पंखा बंद करा, फोन तोंडापासून एक वीत लांब धरा. 20 मे पर्यंत पाठवा." नाव सुरुवातीलाच हवं, कारण जोडलेल्या फाईलमध्ये कोण बोलतंय हे दुसऱ्या कशावरून कळत नाही. आणि शेवटची तारीख कार्यक्रमाच्या दहा दिवस आधीची ठेवावी, राहिलेल्यांच्या मागे लागायला तेवढे दिवस लागतात.

व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज "एकदाच ऐकता येईल" असाही पाठवता येतो. चुकून ते बटण दाबलं गेलं तर मेसेज एकदा वाजतो आणि संपतो, साठवता येत नाही. तसा आला तर पुन्हा मागवावा. गायब होणारे मेसेज चालू असतील तर ते आधी बंद करावेत.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, उदाहरणार्थ पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी किंवा जुने शिपाई, त्यांच्या घरी जाऊन आपल्या फोनवर रेकॉर्ड करावं. फोन स्पीकरवर टाकून दुसऱ्या फोनने रेकॉर्ड केलेलं नीट ऐकू येत नाही. या माणसांचं बोलणं राहून गेलं तर त्याची रुखरुख नंतर सगळ्यांनाच लागते.

नाव लगेच बदला

व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज फोनमध्ये PTT-20250518-WA0007.opus अशा नावाने साठतो. त्यात तारीख असते, पण माणसाचं नाव नसतं. दहा-बारा फाईली झाल्या की कोणती कोणाची ते समजत नाही. म्हणून मेसेज आला की तो दाबून धरून शेअर करावा, एका फोल्डरमध्ये ठेवावा आणि त्याच वेळी 01, 02 असा आकडा आणि माणसाचं नाव द्यावं. वहीत यादी ठेवून आलेल्यांसमोर खूण करावी.

जोडणी

शाळेच्या किंवा ओळखीच्या संगणकावर Audacity हे मोफत सॉफ्टवेअर टाकावं. सगळ्या फाईली एकदम निवडून File > Import > Audio मधून आत घ्याव्यात. .opus फाईल उघडली नाही तर आवृत्ती जुनी असू शकते, नवी टाकून बघावी.

प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी दिसते. सुरुवातीची खडखड आणि शेवटी बटण दाबल्याचा आवाज कापावा, पण दोन्ही बाजूंना अर्धा सेकंद मोकळा सोडावा. त्यामुळे दोन माणसांच्या मध्ये आपोआप एक सेकंदाची उसंत मिळते. अगदी शब्दाला लागून कापलं तर एकाच्या तोंडातून दुसरा बोलल्यासारखं वाटतं.

मग आवाजाची पातळी. एक जण शेतातून ओरडून बोलतो, दुसरा घरात हळू बोलतो. तसंच जोडलं तर गुरुजींना दर अर्ध्या मिनिटाला आवाज कमी-जास्त करावा लागेल. Ctrl+A ने सगळं निवडून Effect > Volume and Compression > Loudness Normalization चालवावं, आकडा -18 ठेवावा. हळू आवाज मोठा झाला की त्यामागचा पंखाही मोठा होतो. म्हणून फार खरखर असलेला मेसेज पुन्हा मागवणंच बरं.

शेवटी Tracks > Align Tracks > Align End to End दाबलं की पट्ट्या एकामागे एक लागतात. क्रम पदाप्रमाणे लावला तर साहेबांची भाषणं आधी येतात आणि ऐकणारा कंटाळतो. सुरुवात गुरुजींच्या सर्वांत जुन्या सोबत्याने करावी, शेवट आताच्या शाळेतल्या माणसाने.

हिशेब असा: 24 जण, प्रत्येकी 30 सेकंद, म्हणजे 12 मिनिटं. MP3, मोनो, 64 kbps ठेवून बाहेर काढलं तर फाईल 6 एमबीच्या आसपास होते. गावातल्या नेटवरही ती उघडते. पण यात एकाने सात मिनिटांचं भाषण पाठवलं तर सगळा तोल जातो. ते कापावं लागतं, मात्र कापलेलं त्यांना आधी ऐकवूनच. न विचारता कापलं तर निरोपाच्या दिवशी रुसवा ठरलेला.

मोबाइलवरच जोडायचं असेल तर क्रम ओढून बदलता येतो आणि प्रत्येक तुकड्याचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो, असं ॲप निवडावं.

कार्डवर क्यूआर

फाईल गूगल ड्राइव्हवर टाकावी, पण शाळेच्या खात्यावर नाही, कायम राहणाऱ्या वैयक्तिक खात्यावर. शेअरमध्ये Anyone with the link निवडावं. हे राहिलं तर स्कॅन केल्यावर फाईल उघडण्याऐवजी परवानगी मागितली जाते. ती फजिती भर कार्यक्रमात होते. छापण्याआधी दुसऱ्याच माणसाच्या फोनवर तपासावं.

लिंकवरून क्यूआर काढून तो किमान अडीच सेंटिमीटर रुंद, पांढऱ्यावर काळा छापावा. चकचकीत लॅमिनेशनवर उजेड पडला की कॅमेरा अडखळतो. नंतर कोणाचा मेसेज आला तर जुनी फाईल डिलीट करू नये, लिंक बदलते आणि छापलेला क्यूआर निकामी होतो. संगणकावर ड्राइव्हमध्ये Manage versions मधून नवी फाईल चढवली तर लिंक तीच राहते.

कार्डच्या आतल्या पानावर नावांची यादी वेळेसह छापावी, म्हणजे "4 मिनिटं 10 सेकंद" असं बघून हवा तो आवाज थेट ऐकता येतो. सोबत तीच MP3 एका पेनड्राइव्हवर द्यावी. ती घरातल्या यूएसबी स्पीकरवर वाजते, .opus मात्र बहुतेक स्पीकरवर वाजत नाही. पुढे लिंक बंद पडली तरी आवाज गुरुजींच्या घरीच राहतो.