रॅम्पवरची पेटी

कारखाना आणि माणसं काल्पनिक आहेत; आकडेमोड मात्र खरी आहे.

सकाळी ८:१०
गोदामात लाकडी पेटी उतरली. वजन दोन हजार किलो, लांबी १.८ मीटर. फोर्कलिफ्ट अडीच टनी. "भाऊ, अडीच टनी आहे ना? मग दोन टन सहज उचलेल," सुपरवायझर म्हणाला. ऑपरेटरलाही ते पटलं. डॅशबोर्डवरच्या कपॅसिटी प्लेटवर ग्रीस साचलं होतं.

त्या प्लेटवर २५०० किलोच्या शेजारी ५०० मिलिमीटर लिहिलेलं असतं. म्हणजे मालाचं भारकेंद्र काट्याच्या उभ्या पाठीपासून अर्ध्या मीटरवर असेल तरच अडीच टन. या पेटीचा मध्य मात्र ९०० मिलिमीटरवर होता. फोर्कलिफ्ट म्हणजे सीसॉ: पुढची चाकं हा टेकू, एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला काउंटरवेट. या ट्रकची पुढची चाकं काट्याच्या पाठीपासून ४८० मिलिमीटर मागे आहेत. मग हिशेब असा:

2500 × (480 + 500) ÷ (480 + 900) ≈ 1775

पेटी सव्वादोनशे किलोंनी जास्त होती. (खऱ्या कामात निर्मात्याने दिलेलाच आकडा धरायचा, आपला हिशेब नाही.)

१०:४०
सपाट फरशीवर पेटी उचलली गेली, कारण यंत्रात थोडी राखीव क्षमता असते. पण स्टिअरिंग एकदम हलकं झालं. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे स्टिअरिंग हलकं झालं म्हणजे मागची चाकं जमीन सोडायला आली. इथेच पेटी खाली ठेवायला हवी होती.

११:२५
रॅम्प दहा मीटरला एक मीटर उतरणारा. भरलेल्या ट्रकने माल चढाच्या बाजूला ठेवून, म्हणजे रिव्हर्समध्येच उतरायचं असतं. ऑपरेटर मात्र पेटी पुढे ठेवून निघाला, तीही गरजेपेक्षा उंच धरून. या उतारावर वजन जितकं उंच, त्याच्या दहाव्या हिश्शाने ते पुढे सरकतं. उरलीसुरली राखीव क्षमता तिथेच संपली.

११:२६
ट्रक वेग घेऊ लागला. त्याने ब्रेक दाबला. मागची चाकं उचलली गेली, पेटीचं टोक रॅम्पवर आदळलं आणि ट्रक आडवा फिरला.

फोर्कलिफ्ट चार चाकांची दिसते, पण उभी तीन बिंदूंवर असते: पुढची दोन चाकं आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला पिन. त्या पिनवर अ‍ॅक्सल डोलतो, म्हणून आडव्या उतारावर मागची चाकं आधार देत नाहीत. एकत्रित भारकेंद्र या त्रिकोणाच्या बाजूबाहेर गेलं आणि ट्रक कलंडला.

सीट बेल्ट सीटमागे खोचलेला होता. ऑपरेटरने पडत्या बाजूलाच उडी मारली. ओव्हरहेड गार्ड त्याच्या छातीवर आला. बेल्ट लावून, स्टिअरिंग घट्ट धरून, विरुद्ध बाजूला झुकून आतच राहिला असता, तर वाचला असता; आतली जागा शाबूत होती.

दुपारी ३:००
प्लेट पुसली. आकडे स्पष्ट वाचता येत होते.